स्पीड टेस्टचा आकडा नक्की कुणाचा?

हिवाळ्यात लीड्सला रविवारी दुपारचे साडेतीन वाजतात तेव्हा सांगलीत रात्रीचे नऊ झालेले असतात. आई-बाबांची जेवणं आटोपलेली असतात, आणि आमचा आठवड्याचा व्हिडिओ कॉल सुरू होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र या कॉलमधली निम्मी वाक्यं एकाच प्रकारची असायची. "अगं, तुझं तोंड हलतंय, पण आवाज येत नाहीये." "आई, आता येतोय का?" "आता तू थांबलीस." बाबांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल डॉक्टर काय म्हणाले, हे एकदा सलग ऐकायचं होतं. ते मी तीन तुकड्यांत ऐकलं आणि त्यातला मधला तुकडा कधी आलाच नाही.

आमच्या घराला ५०० मेगाबिटची फायबर जोडणी आहे. त्या दिवशी कॉल संपल्यावर मी माळ्यावरच्या माझ्या अभ्यासाच्या खोलीत बसून स्पीड टेस्ट केली. उत्तर आलं: डाउनलोड ११८, अपलोड ४१, पिंग १६. सोमवारी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि ९०० मेगाबिटची योजना सुचवली. दरमहा थोडे जास्त पौंड आणि नवा दोन वर्षांचा करार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

"उद्या सांगते" असं म्हणून फोन ठेवला, आणि प्रयोगशाळेत रोज विचारते तो प्रश्न घरी विचारायचा राहून गेलाय हे लक्षात आलं: हे यंत्र नेमकं काय मोजतंय?

सर्वांत अरुंद जागा

स्पीड टेस्ट दाबल्यावर तुमचा ब्राउझर जवळच्या एका सर्व्हरशी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडतो, त्यांतून दहा-पंधरा सेकंद जमेल तेवढी निरर्थक माहिती ओढतो आणि दर सेकंदाला किती बिट आले ते मोजतो. मग हेच उलट दिशेने करतो. बस, एवढंच.

ही माहिती सर्व्हरपासून तुमच्या लॅपटॉपपर्यंत येताना अनेक दुव्यांतून जाते: सर्व्हर, कंपनीचं जाळं, रस्त्याखालची फायबर, घरातला राउटर, राउटर ते लॅपटॉप ही शेवटची काही मीटरची वाट, आणि शेवटी लॅपटॉप स्वतः. नळाला किती पाणी येणार हे जसं सर्वांत अरुंद पाइप ठरवतो, तसं टेस्टचा आकडा या साखळीतला सर्वांत अरुंद दुवा ठरवतो. तो दुवा कुठला, हे टेस्ट सांगत नाही. माझे ११८ मेगाबिट कंपनीचे होते, राउटरचे होते की लॅपटॉपचे, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एककाबद्दलही आधीच सांगून टाकते, कारण तिथे बरेच जण फसतात. स्क्रीनवर Mbps असतं तेव्हा ते मेगाबिट असतात. फाइल उतरवताना दिसतं ते MB/s, म्हणजे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे ५०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल सेकंदाला ६२ मेगाबाइटने उतरत असेल, तर सगळं ठीक चाललंय.

सर्व्हर कुठला निवडलाय तेही आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. टेस्ट आपण होऊन जवळचा सर्व्हर निवडते. तोच हाताने मुंबईचा निवडून पाहिलात तर पिंग एकदम शंभराच्या वर जाईल, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. लीड्स ते मुंबई सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद तर प्रकाशालाच लागतात, आणि समुद्राखालच्या केबल काही सरळ रेषेत जात नाहीत. भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, अरबी समुद्र असा वळसा घेत त्या जातात. म्हणून घरची जोडणी तपासायची असेल तर सर्व्हर जवळचाच हवा, आणि प्रत्येक वेळी तोच हवा.

वायर लावली आणि वेग कमी झाला

शेवटचा दुवा तपासायचा सोपा मार्ग म्हणजे तो बदलून पाहणं. मी लॅपटॉप खाली नेला, खणात पडलेली एक जुनी नेटवर्कची वायर काढली, तिचं एक टोक राउटरला आणि दुसरं लॅपटॉपला लावलं, वाय-फाय बंद केलं आणि टेस्ट पुन्हा केली.

९४.३.

वाय-फायपेक्षाही कमी! नवरा मागून बघत होता. "घे, वायरीपेक्षा हवाच बरी," म्हणाला. मला मात्र हा आकडा पाहून आनंद झाला, कारण ९४ हा योगायोगाने येणारा आकडा नाही. त्याच्यावर गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे असतात.

वायरीवरून माहिती पाकिटांनी जाते. एका पूर्ण भरलेल्या पाकिटासाठी वायरीवर १५३८ बाइटएवढी जागा लागते. त्यात पत्ते, तपासणीचे अंक, दोन पाकिटांमधली सक्तीची मोकळी जागा असं सगळं येतं. आपल्या कामाची माहिती त्यातले १४५० बाइट किंवा थोडी जास्त. हा भागाकार केला की साधारण ९४ टक्के येतात. म्हणून १०० मेगाबिटच्या वायरीवर टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४-९५ च्या वर जात नाही, आणि १००० मेगाबिटच्या वायरीवर ९४० च्या आसपास थांबते. म्हणजे माझी वायर १०० वर चालत होती. विंडोजमध्ये हे एका ओळीत पाहता येतं:

```
Get-NetAdapter
```

पॉवरशेलमध्ये ही आज्ञा दिली की LinkSpeed या रकान्यात वायरीचा ठरलेला वेग दिसतो. माझ्याकडे तिथे `100 Mbps` होतं. राउटर आणि लॅपटॉप दोघेही १००० ची क्षमता असलेले.

कारण वायरीच्या पोटात होतं. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. १००० च्या वेगाला चारही जोड्या लागतात. १०० ला दोनच पुरतात. एखादी तार प्लगमध्ये नीट बसलेली नसेल किंवा कुठे दुमडून तुटली असेल, तर दोन्ही बाजूंची यंत्रं आपापसांत बोलून खालच्या वेगावर समझोता करतात आणि काम चालू ठेवतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कुणाला काही कळत नाही. माझ्या वायरीचा प्लग भिंतीला दाबला जाऊन वाकडा झालेला होता.

पाच पौंडांची नवी वायर आणली, तिच्यावर कॅट ५ई असं छापलेलं होतं. पुन्हा टेस्ट केली: डाउनलोड ५०७, अपलोड ७१, पिंग ८. कंपनी आपलं काम चोख करत होती. अरुंद जागा माझ्याच घरात होती, आणि ९०० ची योजना घेतली असती तर माळ्यावर पुन्हा ११८ च आले असते.

३८९ मेगाबिट गेले कुठे?

५०७ आणि ११८ यांत ३८९ चा फरक. "वाय-फायमध्ये जातं थोडं" म्हणून हा सोडून देता येण्यासारखा आकडा नाही. तो तीन वेगवेगळ्या कारणांत वाटला गेलेला आहे आणि ती वाटणी बऱ्यापैकी मोजता येते. त्यासाठी आधी लॅपटॉपला विचारायचं की राउटरशी तुझा ठरलेला वेग किती:

```
netsh wlan show interfaces
```

मॅकवर ऑप्शन कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की Tx Rate म्हणून तोच आकडा दिसतो. माझ्या लॅपटॉपला दोन अँटेना आहेत आणि त्याचं वाय-फाय पाचव्या पिढीचं आहे. राउटरच्या शेजारी बसले की Receive rate समोर ८६६.७ दिसायचं. हा त्याचा सर्वोच्च वेग. माळ्यावर गेले की तिथे २६० दिसायचं.

हे पहिलं कारण: भिंती. राउटर आणि लॅपटॉप सतत एकमेकांचा अंदाज घेत असतात. संदेश स्वच्छ पोचत असेल तर प्रत्येक लहरीत जास्त बिट कोंबतात. गोंगाटात ऐकू येईनासं झालं की आपण सावकाश आणि सोप्या शब्दांत बोलतो, तसे तेही कमी बिट पाठवू लागतात. वाय-फायचे वेग असे पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, आणि माझ्या लॅपटॉपच्या जिन्यावर ८६६ ते २६० या सहा पायऱ्या आहेत. आमचं घर बर्लीमधल्या जुन्या विटांच्या रांगेतलं. फायबर तळमजल्यावर पुढच्या दाराशी येते, राउटर तिथेच आहे. माळ्यावरची खोली दोन मजले वर, आणि मध्ये विटांच्या धुराड्याचा जाड खांब. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीला तो पार करताना बरंच काही सोडून द्यावं लागतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीतून जास्त चांगली जाते, पण तिचा रस्ता मुळातच अरुंद आणि कायम भरलेला.

आता पुढचं. ठरलेला वेग २६० असताना हातात ११८ च का? म्हणून मी रात्री दोन वाजता, शेजार झोपल्यावर, त्याच खुर्चीत बसून टेस्ट केली. ठरलेला वेग तोच २६०, आणि टेस्टचा आकडा १७१. म्हणजे २६० ते १७१ हा फरक शेजाऱ्यांचा नाही. तो वाय-फायच्या स्वभावाचा आहे. आणि १७१ ते ११८ हा फरक शेजाऱ्यांचा. दोन्ही समजून घ्यायला हवेत, कारण वायर आणि हवा यांतला खरा भेद तिथेच आहे.

हवा सगळ्यांची असते

वायरीच्या चार जोड्या फक्त तुमच्या लॅपटॉपच्या आणि राउटरच्या असतात. दोघेही एकाच वेळी बोलू शकतात आणि ऐकूही शकतात. तिसरा कुणी मध्ये येत नाही. हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. राउटर बोलत असताना लॅपटॉप गप्प, लॅपटॉप बोलत असताना राउटर गप्प, आणि शेजारच्या घरातला फोन बोलत असताना दोघेही गप्प.

गंमत म्हणजे वायरीचा उगमही हवेतच आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. त्या अलोहानेटचा नियम साधा होता: बोलायचं असेल तेव्हा बोल, दुसऱ्याशी टक्कर झाली तर थोडं थांबून परत बोल. गणिताने दाखवता येतं की असं केल्यावर चॅनेलचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी हीच कल्पना वायरीवर आणली आणि तिचं नाव ईथरनेट ठेवलं. तेव्हा एकाच जाड वायरीवर सगळे संगणक टांगलेले असायचे, तेही पाळीपाळीनेच बोलायचे. पुढे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र वायर देणारे स्विच आले आणि वायरीवरची पाळी संपली. हवेचे असे वेगळे तुकडे करता येत नाहीत, म्हणून वाय-फाय आजही पाळी सांभाळतं.

ही पाळी किती महाग पडते ते एका पाकिटाच्या हिशेबाने बघू. ठरलेला वेग ८६६ असेल तर १५०० बाइटचं पाकीट हवेत जेमतेम १४ मायक्रोसेकंद असतं. पण ते पाठवण्याआधी हवा शांत आहे का ते ऐकायचं, म्हणजे ३४ मायक्रोसेकंद. मग टक्कर टाळण्यासाठी मनातल्या मनात एक यादृच्छिक आकडा धरून तेवढं थांबायचं, सरासरी आणखी ६५-७०. मग "मी बोलतोय, लक्ष द्या" अशी प्रस्तावना, जी सगळ्यांना कळावी म्हणून मुद्दाम सावकाश म्हटली जाते, सुमारे ४०. पाकीट गेलं की समोरच्याने "मिळालं" म्हणायचं, त्याचेही चाळीस-पन्नास. सगळं मिळून दोनशेच्या आसपास, आणि त्यात कामाचे १४. असं एकेक पाकीट पाठवलं तर ८६६ मधले ६० मेगाबिटच हाती लागतील!

म्हणून वाय-फाय पाकिटांची मोळी बांधतं. एकदा पाळी मिळाली की साठ-चौसष्ट पाकिटं एकदम पाठवायची आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच पोच घ्यायची. त्यामुळे वाया जाणारा वेळ वाटला जातो. तरीही उलट दिशेच्या पोचपावत्या, चुकलेली आणि पुन्हा पाठवलेली पाकिटं यांत बराच वेळ जातो. शांत हवेत ठरलेल्या वेगाच्या साठ-सत्तर टक्के मिळाले तर वाय-फाय उत्तम चाललंय असं समजावं. माझे २६० पैकी १७१ म्हणजे ६६ टक्के. तक्रारीला जागा नाही.

राहिले शेजारी. लीड्समध्ये त्यांच्याबद्दल जरा वेगळंच बोलायला हवं. इथे बॅक-टू-बॅक घरं ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त उरली आहेत. दोन घरांची पाठ एकच भिंत, आणि डावी-उजवीकडेही सामाईक भिंती. १९०९ च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी केली, पण आधीच मंजूर झालेल्या आराखड्यांच्या आधारे लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती. आमचं घर तसंच आहे. तीन बाजूंना शेजारी आणि समोर पुढच्या बाजूला अरुंद रस्ता. मी आसपासची जाळी मोजली:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

एकतीस नावं आली. त्यांतली ५ गिगाहर्ट्झवरची बरीचशी चॅनेल ३६ ते ४८ या एकाच पट्ट्यात होती, कारण अनेक राउटर खोक्यातून निघताना तोच पट्टा धरून निघतात. माझाही तिथेच होता. या सगळ्यांना एकमेकांच्या पासवर्डशी काही देणंघेणं नसतं. एकमेकांचं बोलणं कळत नसलं तरी ऐकू येतं, आणि ऐकू आलं की थांबावं लागतं. रविवारी दुपारी, बाहेर पाऊस असताना, सगळी गल्ली घरात बसून काही ना काही पाहत असते. त्यातून शेजारचं एखादं जुनं यंत्र अगदी सावकाश बोलणारं असेल तर तेवढीच माहिती पाठवायला ते कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतं. माझे १७१ चे ११८ होतात ते इथे.

पण कॉलला ११८ लागतातच कुठे?

इथपर्यंत आल्यावर मला एक अडचण दिसली. व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांना तीन-चार मेगाबिट पुरतात. ११८ आणि ४१ असताना आईचा आवाज तुटायला नको होता.

उत्तर टेस्टच्या पानावरच होतं, मोठ्या आकड्यांच्या खाली, जिथे मी कधी पाहत नव्हते. `speedtest.net` वर पिंगजवळ तीन आकडे असतात. पहिला जोडणी रिकामी असतानाचा, दुसरा डाउनलोड चालू असतानाचा, तिसरा अपलोड चालू असतानाचा. `fast.com` वर जास्त माहितीचं बटण दाबलं की हेच Unloaded आणि Loaded या नावांनी दिसतं. रिकाम्या रस्त्यावर पाकिटाला जाऊन-येऊन किती वेळ लागतो हे पहिला आकडा सांगतो. गर्दीत किती लागतो ते पुढचे दोन. माझे असे होते:

माळ्यावर वाय-फायने: रिकामी १६, डाउनलोड चालू असताना १९० मिलिसेकंद.
राउटरला वायरीने: रिकामी ८, डाउनलोड चालू असताना २१.

अरुंद जागेच्या तोंडाशी पाकिटांची रांग लागते. वायर लावलेली असताना अरुंद जागा म्हणजे कंपनीने घातलेली ५०० ची मर्यादा, आणि तिथली रांग आखूड ठेवलेली होती. वाय-फायवर अरुंद जागा म्हणजे हवा, आणि तिच्या तोंडाशी राउटरमध्ये पाकिटं साठत जातात. नवरा दुसऱ्या खोलीत सिनेमा उतरवत असेल, तर आईच्या आवाजाचं इवलंसं पाकीट त्या रांगेत मागे उभं राहतं. सरासरी वेग भरपूर असतो, पण पाकिटं एकसारख्या अंतराने येत नाहीत. कधी २० मिलिसेकंदांनी, कधी २०० नी. या चढउताराला जिटर म्हणतात. सिनेमाला त्याचं काही वाटत नाही, तो पुढचा भाग आधीच साठवून ठेवतो. बोलणं साठवून ठेवता येत नाही. उशिरा आलेलं अक्षर टाकूनच द्यावं लागतं.

दोष घरातल्या हवेचाच आहे याची खात्री करायला इंटरनेटपर्यंत जायचीही गरज नाही. थेट राउटरलाच हाक मारायची. राउटरचा पत्ता `ipconfig` दिल्यावर Default Gateway समोर दिसतो. माझ्याकडे:

```
ping -n 100 192.168.1.1
```

शंभर हाका आणि शंभर उत्तरं. वायरीवर सगळी उत्तरं एका मिलिसेकंदाच्या आत आली. माळ्यावर वाय-फायने, रविवारी दुपारी, बहुतेक ३ ते ६ मध्ये, पण मध्येच ८०, १४०, २१०, आणि दोन हाकांना उत्तरच नाही. ही पाकिटं घराबाहेर पडलेलीच नव्हती. कंपनीचा, समुद्राखालच्या केबलचा आणि सांगलीच्या जोडणीचा यात काही संबंध नव्हता. राउटरपर्यंतची उत्तरं स्थिर असती आणि तरीही कॉल तुटला असता, तर मग दोष पुढे कुठेतरी शोधायचा.

मग केलं काय

घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. वीस मीटरची चपटी वायर आणली आणि जिन्याच्या कडेने, पायरीपायरीने चिकटवत माळ्यावर नेली. वर गेल्यावर LinkSpeed मध्ये `1 Gbps` आलं ना, हे आधी पाहिलं. धडा शिकलेला होता. टेस्ट: ५०४, डाउनलोड चालू असताना लेटन्सी २२.

वायर नेणं शक्य नसेल तर दुसरा उपाय म्हणजे राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं चॅनेल बदलून ५२ किंवा १०० च्या पुढे नेणं. तिथे गर्दी कमी असते. या चॅनेलांवर रडारचाही हक्क आहे, त्यामुळे राउटर आधी मिनिटभर ऐकतो आणि मगच सुरू होतो. तेवढ्यात घाबरून तो बंद करू नका. मी फोनसाठी तेवढं केलं आणि माळ्यावरचे दुपारचे ११८ चे १५० च्या पुढे गेले. भिंती मात्र तशाच राहतात. मेश किंवा सिग्नल वाढवणारी डबी घ्यायची असेल तर एक गोष्ट विचारून घ्या: ती राउटरशी कशाने बोलते? त्याच चॅनेलवर हवेतून बोलत असेल, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं आणि दोनदा पाळी लागते. सिग्नलच्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, वेग निम्म्याच्या आसपास येतो.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना वायरीची ही टेस्ट आणखी एका कारणासाठी यायला हवी. ऑफकॉमच्या वेगासंबंधीच्या संहितेवर सही केलेल्या कंपन्यांना करार करतानाच तुम्हाला किमान हमी वेग सांगावा लागतो. २०१९ पासूनचा नियम असा की वेग त्या खाली जात राहिला आणि तक्रारीनंतर ३० दिवसांत कंपनीला तो सुधारता आला नाही, तर दंड न भरता करार सोडता येतो. पण ही हमी राउटरपर्यंतच्या वेगाची आहे. माळ्यावरच्या वाय-फायचा आकडा घेऊन फोन केलात तर तुमची बाजू पहिल्याच मिनिटाला संपते. म्हणून वायर थेट राउटरला, वाय-फाय बंद, व्हीपीएन बंद, घरातलं दुसरं काही उतरत नसताना, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आणि सकाळीही, तीन-चार दिवस टेस्ट करा. तारीख-वेळेसह आकडे लिहून ठेवा. ते ९४-९५ वर अडकलेले असतील तर कंपनीला फोन करण्याआधी वायर बदला.

मंगळवारी त्या मुलाचा फोन आला तेव्हा मी ९०० ची योजना नको म्हणून सांगितलं. पुढच्या रविवारी आईला मागचा राहिलेला भाग पुन्हा सांगायला लावला. डॉक्टरांनी बाबांना शस्त्रक्रियेआधी सहा आठवडे रोज व्यायाम सांगितला होता आणि बाबांनी तो चौथ्या दिवशीच सोडला होता. मधल्या तुकड्यात हे होतं. बाबा बाजूला गप्प बसलेले स्पष्ट दिसत होते, आणि यावेळी "आवाज येत नाहीये" असं म्हणायची त्यांना सोय नव्हती.